हर्मिट निघाला म्हणजे ‘एकटी राहा’ असं नव्हे

रबाळ्यात माझ्याकडे टॅरो कार्ड बघायला येणारी मंडळी बहुतेक पंचविशी-तिशीतली. कुणी एमआयडीसीतल्या कंपनीत, कुणी ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये. शिफ्ट सुटली की येतात, आधी नोकरीचं विचारतात आणि उठता उठता खरा प्रश्न काढतात: “ताई, सध्या एकटं राहिलेलंच बरं ना?” या प्रश्नावर हर्मिटचं कार्ड निघालं की विचारणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो. कंदील घेतलेला म्हातारा, एकटाच डोंगरावर उभा, म्हणजे उत्तर मिळालंच! कार्ड बघणाऱ्यालाही मग पुढे काही बोलायची गरज वाटत नाही. माझ्या मते याच क्षणी सांभाळायचं असतं.

एक मुलगी आली होती, कंपनीच्या लॅबमध्ये काम करणारी. पण हे तिचं पहिलं रीडिंग नव्हतं. आधी कुणाकडून तरी फोनवर रीडिंग घेतलं होतं, त्यातही हर्मिटच आला होता. कार्डावर नऊचा आकडा, म्हणून तिला सांगण्यात आलं की नऊ महिने एकांत पाळ, स्थळं बघू नकोस, कुणाशी जवळीक वाढवू नकोस. शिवाय ‘ऊर्जा शुद्ध’ करायचे पैसे वेगळे. तिने ते अक्षरशः पाळलं. शनिवार-रविवारचा ट्रेकचा ग्रुप सोडला, मावसबहिणीच्या हळदीला गेली नाही, आईने स्थळाचा विषय काढला की ताटावरून उठायची. नऊ महिने भरले तेव्हा मन हलकं झालेलं नव्हतं. फक्त फोन करणारी माणसं कमी झाली होती. तिचा मला प्रश्न होता, “मुदत संपली, आता काय?”

मुदत नव्हतीच मुळी. नऊ हा मेजर अर्कानाच्या बावीस कार्डांतला हर्मिटचा क्रमांक आहे. आठवं स्ट्रेंग्थ, दहावं व्हील ऑफ फॉर्च्यून, मधे हा. गंमत म्हणजे पंधराव्या शतकात मिलानच्या व्हिस्कोंती-स्फोर्झा घराण्यासाठी रंगवलेल्या पत्त्यांमध्ये या म्हाताऱ्याच्या हातात कंदील नसून वाळूचं घड्याळ आहे. तिथे तो काळाचंच रूप आहे, पण किती महिने ते तोही सांगत नाही. त्यामुळे क्रमांकावरून महिने किंवा वर्षं काढून देणाऱ्याला सरळ विचारावं, ही मोजणी आली कुठून? आणि कार्डासोबत उपायाचं बिल आलं तर चपला घालाव्यात.

आज आपल्याकडे चालणारा डेक 1909 साली लंडनमध्ये निघाला. कल्पना आर्थर एडवर्ड वेट यांची, चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांची. त्यांच्या हर्मिटकडे नीट बघा. बर्फाचा माथा, राखाडी झगा, मान खाली. डाव्या हातात काठी आणि उजव्या हातात उचललेला कंदील, त्यात सहा टोकांचा तारा. काही जुन्या चित्रांत कंदील झग्याने थोडा झाकलेला असे. वेट यांनी तो मुद्दाम उघडा ठेवला आणि या डेकवरच्या आपल्या पुस्तकात तसं नोंदवलंही. म्हणजे हा माणूस लपलेला नाही; त्याचा उजेड मागून येणाऱ्याला दिसतो. उलट्या हर्मिटच्या अर्थांत मात्र त्याच पुस्तकात लपणं, भीती आणि विनाकारण बाळगलेली सावधगिरी येते. एकटं राहण्याच्या प्रश्नाला ही दोन टोकं फार उपयोगी पडतात: हा एकांत कशासाठी तरी आहे, की कशापासून तरी आहे?

म्हणून मी पत्ते पिसण्याआधी प्रश्न बदलून घेते. ‘बरं की वाईट’ या प्रश्नाला कार्ड उत्तर देऊ शकत नाही, देऊही नये. त्या मुलीसाठी तीन जागा आधीच ठरवल्या आणि कागदावर लिहिल्या. पहिली, मला एकटं का राहावंसं वाटतंय. दुसरी, या एकटेपणात काय व्हायला हवं. तिसरी, सध्या माझा वेळ कुठे जातोय. जागा आधी लिहिल्या की नंतर कार्ड बघून अर्थ सोयीने फिरवता येत नाही.

पहिल्या जागी फाइव्ह ऑफ कप्स आलं, मधे पुन्हा हर्मिट, सरळ, आणि तिसऱ्या जागी एट ऑफ पेंटॅकल्स. फाइव्ह ऑफ कप्समध्ये काळ्या झग्यातला माणूस सांडलेल्या तीन पेल्यांकडे बघतोय. दोन पेले त्याच्यामागे उभे आहेत, ते त्याला दिसत नाहीत. मी तिला दोन्ही झगे शेजारी शेजारी बघायला सांगितले. दोघांच्याही माना खाली, पण काळ्या झग्यातले हात दिसतच नाहीत, हर्मिटचे दोन्ही हात बाहेर आणि कामात. शिवाय हर्मिटचं तोंड बघणाऱ्याच्या डावीकडे असतं. या मांडणीत त्याचा कंदील थेट सांडलेल्या पेल्यांवर पडत होता, आणि बाकावर बसून ठोकाठोक करणारा एट ऑफ पेंटॅकल्समधला कारागीर त्याच्या पाठीमागे राहिला होता.

मी अर्थ सांगितला नाही. एवढंच विचारलं, “आईला काय कारण सांगतेस?” म्हणाली, “डिपार्टमेंटल परीक्षा आहे, कामाचा लोड आहे.” मग जरा थांबून तिने ठरलेलं लग्न मोडल्याचं सांगितलं. सुपारी फुटली होती, हॉलही बघून झाला होता. त्याबद्दल ती घरात कुणाशीच धड बोलली नव्हती. कामाचं कारण खोटं नव्हतं, पण ते पाठीमागचं कार्ड होतं. तिच्या एकांताला काम होतं ते मोडलेल्या लग्नाचं, आणि ते काम नऊ महिने सुरूच झालं नव्हतं.

तेव्हा सध्या लग्न नको हा तिचा निर्णय मी चुकीचा म्हटला नाही. आजही म्हणणार नाही. फक्त तो पारखून घ्यायला लावला. गेल्या महिन्यात स्वतःहून कुणाला फोन केलास? एकटी असताना काय केलंस, ज्याने काही पुढे सरकलं? घरच्यांना कधीपर्यंत थांबा म्हणालीस? पहिल्या दोन प्रश्नांना उत्तर नसेल तर तो एकांत उलट्या हर्मिटचा, कार्ड सरळ आलं असलं तरी. तिसरा प्रश्न व्यवहाराचा. ‘नको’ म्हटलं की आईला वाटतं पोरगी कधीच करणार नाही, आणि रोज वाद होतात. तिला मी म्हटलं, तुझी तूच तारीख दे, कार्डाकडून घेऊ नकोस. तिने आईला दिवाळीपर्यंत बायोडाटा कुठल्याही वधू-वर मंडळात द्यायचा नाही, दिवाळीनंतर बसून बोलू, असं सांगितलं. बायोडाट्यात मोडलेल्या लग्नाचा उल्लेख करायचा की नाही, हेही तेव्हाच ठरवायचं. आईने तक्रार केली, पण ऐकलं. ट्रेकच्या ग्रुपला मेसेज टाकायला मात्र तिला त्याहून जास्त वेळ लागला.

कार्ड बघणाऱ्याने आपली हद्दही ओळखावी. झोप उडालेली, जेवण तुटलेलं, जगणं नकोसं झाल्याची भाषा, असं काही कानावर आलं तर डेक बाजूला ठेवायचा. तिथे घरचं माणूस, डॉक्टर किंवा सरकारची टेलिमानस सेवा, क्रमांक 14416, हाच रस्ता. पत्त्यांमधून भविष्य कळतं याला काही पुरावा नाही. चित्रासमोर माणूस बोलायला लागतो, इतकाच त्यांचा उपयोग मी धरते.

आठवड्याने तीच मुलगी पुन्हा तोच प्रश्न घेऊन आली, एका नव्या स्थळामुळे डळमळून. मी पत्ते काढले नाहीत. आधीच्या कागदावरच्या तीन जागा पुन्हा वाचायला दिल्या आणि मुलाला दिवाळीपर्यंत थांबता येईल का, हे त्यालाच विचार म्हटलं.