कॉल टाइम शेवटच्या गाडीपासून मोजा

वाईजवळ मेणवलीच्या घाटावर आमचं शूटिंग चालू होतं. दुपारी पाऊस आला आणि तीन तास हलला नाही. सातचं पॅकअप साडेदहावर गेलं. मी तेव्हा प्रॉडक्शनमध्ये नवा होतो. लाइन प्रोड्यूसरने ग्रुपवर एकच ओळ टाकली : 'उद्याचा कॉल सहाऐवजी आठ.'

पॅकअपपासून मोजलं तर साडेनऊ तास मिळत होते. पण पॅकअप झालं म्हणजे कलाकार सुटले. लाइटवाल्यांना ओल्या केबल गुंडाळून ट्रक भरायला पावणेबारा वाजले. त्यांना हॉटेलवर सोडून ड्रायव्हर टेकला साडेबाराला आणि आठच्या कॉलसाठी त्यालाच सकाळी सातला गाडी काढायची होती. दुसऱ्या दिवशी वळणावर त्याचा डोळा लागला आणि गाडी चरात उतरली. कोणाला लागलं नाही, हे नशीब.

आज मी स्वतः लाइन प्रोड्यूसर आहे. शूटिंग लांबलं की आधी स्पॉटवरून शेवटची गाडी कधी सुटणार ते विचारतो. ती पोहोचल्यापासून दहा तास मोजतो आणि मगच कॉल लिहितो. त्या रात्रीचा मेसेज मी आज असा लिहिला असता :

'आधीची कॉल शीट रद्द. उद्या मेकअप-कॉश्च्युम लोकेशनवर १०. लाइट, जनरेटर ११.१५, त्यांची गाडी हॉटेलवरून १०.३०. पहिला शॉट १२.३०. पावसात तीन तास गेल्यामुळे आज उशीर झाला. उद्याचा घाटावरचा सकाळचा सीन काढला आहे, वाड्यातला आतला सीन घेऊ. आजचा जादा वेळ ओव्हरटाइममध्ये धरला आहे. नाश्ता १० पासून. वाचल्यावर खात्याच्या प्रमुखाने उत्तर द्यावं.'

वेळा आधी आणि कारण नंतर, कारण दमलेला माणूस पहिल्या दोन ओळीच वाचतो. कारण मात्र खरं द्यावं. पावसाचं नाव सांगून दिग्दर्शकाचे जादा टेक झाकले, तर युनिटला ते लगेच कळतं आणि पुढचा खरा पाऊसही कोणी मानत नाही. कोणता सीन काढला ते सांगायचं, कारण कॉश्च्युमवाला रात्रीच इस्त्री करून ठेवतो. घाटाचे कपडे तयार आणि सीन वाड्याचा, असं झालं की सकाळचा तास तिथेच जातो.

सकाळचा उजेड हातचा गेला, ही खंत दिग्दर्शकाला राहणारच. त्याची परवानगी मेसेजच्या आधी घ्यावी, नाहीतर मध्यरात्री वेळा पुन्हा बदलतात आणि अर्धं युनिट जुन्या वेळेला हजर होतं.

ग्रुपवर नसलेल्यांना फोन करावाच. जनरेटरचा ऑपरेटर, भाड्याच्या गाडीचा ड्रायव्हर आणि को-ऑर्डिनेटरमार्फत येणारे ज्युनियर आर्टिस्ट ग्रुपवर बहुधा नसतात. प्रॉडक्शनमध्ये नव्याने आलेल्यांना माझी विनंती आहे : मेसेज पाठवण्याआधी एकदा ड्रायव्हरला विचारा, 'दादा, तुम्ही कधी झोपणार?'