भांडणातील मृत्यू : खून की सदोष मनुष्यवध?

मिरकरवाडा जेटीवर जाळ्यावरून ‘अ’ व ‘ब’ यांची अचानक जुंपते. झोंबाझोंबीत ‘अ’ हाताशी आलेले वल्हे एकदाच ‘ब’च्या डोक्यात घालतो, ‘ब’ मरतो.

घाव हेतुपुरस्सर व मृत्यूस पुरेसा असल्यास तो न्यायसंहितेच्या कलम १०१ (पूर्वीचे ३००) खाली खून. म्हणून आता अपवाद पाहू. नुसत्या शिवीगाळीने पहिला, प्रक्षोभाचा, सहसा सिद्ध होत नाही. दोघे आपखुशीने झुंजले, तेव्हा बचावाचा दुसराही नाही. लोकसेवक व संमती यांचे तर नावच नको. चौथा मात्र बसतो: पूर्वयोजना नाही, गैरफायदा वा क्रौर्य नाही, आगळीक कोणाची हे गौण.

पण ‘अ’ घरी जाऊन कोयता घेऊन आला असता तर? नानावटी खटला पहिल्या अपवादाचा, तरी बोलका आहे: १९५९ साली मिळालेला सुमारे तीन तासांचा अवधी सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये राग निवण्यास पुरेसा मानला.