वाकळीचं वय

पोरी, वाकळ हातात आली की वरचं लुगडं बघून तिचं वय सांगायला जाऊ नकोस. बहुतेक माणसं तिथंच फसतात. लुगडं जुनं दिसलं म्हणजे वाकळ तेवढीच जुनी, असं कधीच नसतं, कारण वाकळ होते ती जुनेराची. लुगडं आधी सणासुदीला नेसलं जायचं, मग रोजच्या वापरात यायचं. मध्ये विरलं की तेवढा भाग काढून दोन धड तुकड्यांना दांड घालायचे आणि पुन्हा नेसायचे. त्यातूनही फाटलं, की मग ते वाकळीला लागायचं. वरच्या कापडात मध्येच आडवी शिवण दिसली, तिची टोकं वाकळीच्या टाक्यांखाली गेलेली असली, तर तो दांड समज. त्या लुगड्याचं अंगावरचं आयुष्य पुरतं संपल्यावरच ते इथं आलंय. आणि हल्ली तर माळ्यावरची जुनी लुगडी घेऊन नव्यानं शिवलेल्या वाकळी ‘आजीच्या काळातल्या’ म्हणून विकल्या जातात. कापड खरंच आजीचं असतं, पण टाके कालपरवाचे असतात.

म्हणून सगळ्यात जुनं सोड, सगळ्यात तरणं कापड शोध. मूळ टाक्यांखाली जे कापड अडकलंय, त्यातलं सर्वांत अलीकडचं जे असेल, त्याच्या आधी ती वाकळ शिवलेली असूच शकत नाही. इथं ‘मूळ टाक्यांखाली’ हे शब्द विसरू नकोस. ठिगळ मागाहूनही लागतं. ठिगळाची कड नखानं हळूच उचल. वाकळीची टाक्यांची ओळ त्याच्या खालून गेली असेल आणि ठिगळाला कडेनं स्वतःचे वेगळे टाके असतील, तर ते नंतरचं. ओळ ठिगळाच्या वरून, न तुटता गेली असेल, तर ते पहिल्यापासूनचं.

तरण्या कापडात आधी टेरिकॉट हुडक. आपल्याकडे पॉलिएस्टरचा धागा 1960च्या दशकात तयार होऊ लागला. टेरिकॉटचे शर्ट गावोगावी पोचून, अंगावर विरून वाकळीत यायला आणखी वर्षं गेली. नुसत्या स्पर्शावर विसंबू नकोस, कारण घासून घासून टेरिकॉटही मऊ होतं. सुटलेला एखादा धागा चिमट्यात धरून ताटलीवर पेटव. सुती धाग्याला कागद जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटात चुरते. पॉलिएस्टर आधी आकसतं, वितळतं आणि टोकाला टणक मणी धरतं. टेरिकॉटमध्ये दोन्ही असतं, राखेत खडे लागतात.

हातमागाचं कापड आहे म्हणून फार जुनं, हा समजही सोडून दे. एकोणिसाव्या शतकापासूनच आपले विणकर गिरणीचं सूत हातमागावर लावत आले आहेत, आणि हातमागाची लुगडी आजही विणली जातात. काळ्या रंगाचंही तसंच. लोखंडाच्या कसावर केलेला काळा रंग कापडाला हळूहळू खातो, त्यामुळे लाल-निळं शाबूत आणि काळी रेघ तेवढी झडलेली, असं दिसतं. पण पुढं गिरण्यांत वापरला गेलेला गंधकाचा काळा रंगही दमट जागी कापड कुजवतो. काळं झडलं एवढ्यावरून शंभर वर्षं सांगणाऱ्याचं ऐकू नकोस.

आतल्या थरांत धोतर असलं तर नशीब समज. धोतराच्या टोकाला गिरणीचा शिक्का असायचा आणि कधीकधी तो आत दुमडून वाचलेला असतो. वाकळ उसवायची नाही. जिथं कापड आपोआप फाटलंय तिथून आत विजेरी धरून बघायचं. शिक्क्यातलं माप गजात असेल तर ते कापड मेट्रिक मापं रुळायच्या आधीचं. ही मापं 1958 पासून टप्प्याटप्प्यानं आली आणि 1960च्या दशकाच्या सुरुवातीला सगळीकडे सक्तीची झाली. मुंबईच्या एखाद्या गिरणीचं नाव लागलं तर ती केव्हा बंद पडली ते शोध, कारण 1982च्या संपानंतर कितीतरी गिरण्या पुन्हा उभ्याच राहिल्या नाहीत.

आता दोरा. मूळ दोरा बहुधा सुती, जाडसर, मंद रंगाचा असतो आणि वापरानं त्यावर बारीक लव उठते. चकचकीत, गुळगुळीत, ओढला तरी न तुटणारा दोरा पॉलिएस्टरचा. पण दोऱ्याच्या जातीपेक्षा त्याच्याखालचा रंग जास्त बोलतो, आणि मला सगळ्यात भरवशाची वाटते ती हीच खूण. सुईच्या बोथट टोकानं एक टाका अलगद उचल आणि खाली बघ. वाकळ शिवल्यावर तिला ऊन लागलं, धुणं झालं, तर टाक्याखालची रेघ गडद राहते आणि दोन्ही बाजू फिकट होतात. खाली-वर रंग एकसारखा फिका असेल, तर लुगडं विटून गेल्यावर टाके पडलेत. चहाच्या पाण्यात बुडवून जुनी केलेली वाकळही इथंच सापडते, कारण तिथं दोराही कापडाबरोबर तसाच तपकिरी झालेला असतो.

टाक्यांची दाटी सगळे मोजतात, पण चुकीच्या कारणासाठी. दाट टाके म्हणजे जुनी वाकळ असं नाही. दोन-तीन पातळ थर असले तर सराईत हाताचे इंचात पाच-सहा टाके सहज बसतात. सात-आठ थर झाले की सुई एका दमात तेवढं घेत नाही, तीन-चारवर येतं. म्हणजे दाटी आधी जाडी सांगते, मग हात सांगते. वयासाठी ती वापरायची तर एकाच वाकळीत तुलना कर. कडेला, कोपऱ्यात आणि मध्यावर, तिन्हीकडे पट्टी लावून मोज. दोन अगदी वेगळे आकडे आले आणि दोराही बदलला, तर दोन वेळा शिवण झालीय. मग सुईची रिकामी भोकं शोध. दोरा कापडाच्या आधी झिजतो, म्हणून जुन्या ओळीचा दोरा गळून भोकांची रांग तेवढी उरते आणि नवी ओळ तिच्या शेजारून जाते. काही वेळा अख्खी जुनी वाकळच आत भरण म्हणून घातलेली असते. तेव्हा आतली आणि बाहेरची, अशी दोन वयं सांगावी लागतात.

आपल्या घरातली ती लाल चौकटीच्या इरकलीची वाकळ घे. इरकलीवरून कुणीही ती शंभर वर्षांची म्हणेल. तिच्यात एका कोपऱ्यावर निळं टेरिकॉटचं ठिगळ आहे, पण मूळ ओळ त्याच्या खालून गेलीय आणि ठिगळाचा दोरा जाळला की मणी धरतो. म्हणजे ते हिशेबात धरू नकोस. मूळ दोरा जळून मऊ राख देतो, त्याच्याखाली इरकलीचा लाल रंग ठसठशीत आहे. फाटक्या कडेतून आतल्या धोतरावर गजाचा शिक्का दिसतो. धोतर विरायला चार-पाच वर्षं धर. मूळ टाक्यांत टेरिकॉटचा एकही थर नाही. यावरून ती 1950च्या अखेरीपासून 1960च्या दशकापर्यंत शिवली असावी. याहून थोडी आधीचीही असेल, कारण गजाचा शिक्का त्याआधीही होताच आणि टेरिकॉट नसणं हा पुरावा कच्चाच. ठिगळ मात्र 1970 नंतरचं. चिठ्ठीवर ‘बहुधा’ शब्दासकट एवढंच लिही, इरकलीचं वय वेगळ्या ओळीत लिही, आणि हे सगळं पाहून होईपर्यंत वाकळीला पाणी लावू नकोस.