रक्ताचा जुना डाग आणि गार पाणी

गेल्या पावसाळ्यात खालापूरच्या बाजूला मुलींच्या एका वसतिगृहाची देखरेख करणाऱ्या शिक्षिका कर्जतला आमच्याकडे आल्या होत्या. त्यांच्या पिशवीत दोन सुती चादरी होत्या. दोन्हींवर मासिक पाळीच्या रक्ताचे डाग पडलेले होते. ज्या मुलींच्या त्या चादरी होत्या, त्यांनी लाजेपोटी आणि बोलणी बसतील या भीतीने त्या गादीखाली दडवून ठेवल्या होत्या. महिन्याभराने त्या सापडल्या. पहिली चादर तशीच वाळलेली होती. दुसरी मात्र सापडल्याबरोबर कोणीतरी ‘डाग जुना आहे, कढत पाण्याशिवाय निघायचा नाही’ असे म्हणून धुण्याचा सोडा घातलेल्या उकळत्या पाण्यात टाकली होती. डाग निघाला तर नाहीच, उलट लालसर तपकिरी होता तो काळपट तपकिरी होऊन कापडात पक्का बसला. ‘तेलाचा डाग गरम पाण्याने निघतो, मग रक्ताचाच का निघत नाही?’ असा त्या बाईंचा प्रश्न होता. या प्रश्नाच्या उत्तरातच डाग काढण्याची सारी कृती दडलेली आहे.

प्रथम डागात असते काय, ते पाहू. समजा, चादरीवर चहाचा एक चमचा, म्हणजे सुमारे ५ मिलिलिटर रक्त सांडले. त्यातील पाणी उडून गेले की मागे जवळजवळ १ ग्रॅम घन पदार्थ उरतो. त्यात पाऊण ग्रॅमच्या आसपास हिमोग्लोबिन असते. उरलेल्यात मुख्यतः रक्तद्रवातील प्रथिने असतात. रक्त गोठताना जे फायब्रिन नावाच्या प्रथिनाचे जाळे तयार होते, त्याचे वजन भरते अवघे ८ मिलिग्रॅमच्या जवळपास. हा हिशेब साध्या रक्ताचा झाला. पाळीच्या रक्तात फायब्रिन आणखी कमी असते व इतर स्राव मिसळलेले असतात. पण तात्पर्य तेच राहते : रक्ताचा डाग म्हणजे जवळजवळ सर्वस्वी प्रथिनांचा डाग होय. त्यात तेलकटपणा फारसा नसतो.

हिमोग्लोबिन हे प्रथिन पाण्यात चांगले विरघळते. त्याची लांब साखळी स्वतःभोवती गुंडाळून तिचा एक आटोपशीर गोळा झालेला असतो. पाण्याला न मानवणारे साखळीचे भाग गोळ्याच्या आत आणि पाण्याशी जुळणारे बाहेर, अशी ही रचना असते. पाणी सुमारे ६५ ते ७० अंश सेल्सिअसपर्यंत तापले, की ही गुंडाळी उलगडते. आतले भाग उघडे पडतात, शेजारच्या साखळ्यांना चिकटतात आणि सर्वांचा मिळून पाण्यात न विरघळणारा गठ्ठा बनतो. तुम्ही हे रोज स्वयंपाकघरात पाहता. कच्च्या अंड्याचा पांढरा भाग पाण्यात मिसळतो, उकडलेल्या अंड्याचा मिसळत नाही. थंड झाल्यावरही तो पुन्हा पातळ होत नाही. दुसऱ्या चादरीवरचे रक्त असे ‘उकडले’ गेले होते, आणि तेही कापसाच्या तंतूंच्या आतबाहेर.

यावरून पहिला नियम निघतो : आधी गार पाणी. गार म्हणजे बर्फाचे नव्हे, विहिरीचे किंवा माठाजवळचे पाणी पुरते. आमच्या कर्जतकडे उन्हाळ्यात एक सावधगिरी मात्र बाळगावी लागते. गच्चीवरच्या काळ्या टाकीतले दुपारचे पाणी हाताला चटका देण्याइतके तापते. नळाचे पाणी म्हणून ते गार, असे समजू नये. ते सकाळी भरून ठेवावे.

पहिली चादर आम्ही अशी हाताळली. डागावरची सुकलेली खपली चमच्याच्या बोथट कडेने हलकेच खरवडून काढली. नंतर डागाचा भाग अर्धी बादली गार पाण्यात तासभर बुडवून ठेवला. पाण्यात दर लिटरला एक लहान चमचा मीठ घातले होते. रक्तद्रवातील ग्लोब्युलिन जातीची प्रथिने नुसत्या पाण्यापेक्षा सौम्य खारट पाण्यात अधिक विरघळतात, म्हणून हे मीठ. तासाभराने पाण्याला कोऱ्या चहासारखा रंग आला. ताज्या रक्ताचे पाणी लाल होते, हे तपकिरी झाले. कारण रक्त वाळून जुने होते तेव्हा हिमोग्लोबिनमधल्या लोहाचे ऑक्सिडीकरण होते आणि त्याचा लाल रंग तपकिरी बनतो. पाणी बदलले. दुसऱ्या खेपेला रंग फिका आला आणि तिसऱ्या खेपेला पाणी स्वच्छ राहिले. म्हणजे पाण्याने जेवढे निघण्यासारखे होते, तेवढे निघाले.

आता चादरीवर फिकट पिवळसर डाग आणि त्याभोवती गडद किनार उरली होती. ही किनार का राहते? डाग वाळताना कडेला पाणी लवकर उडते. त्याची भरपाई करण्यासाठी मधले पाणी केशाकर्षणाने कडेकडे सरकते आणि विरघळलेला पदार्थ सोबत नेते. म्हणून कडेला थर जाड बसतो. पाणी आटलेल्या चहाच्या थेंबाची किनारही अशीच गडद असते. या जाड थरात फायब्रिनचे तंतू आणि महिन्याभरात हळूहळू बिघडून न विरघळणारे झालेले हिमोग्लोबिन अडकून बसलेले असते. इथे नुसत्या पाण्याचे काम संपते आणि विकराचे, म्हणजे एन्झाइमचे काम सुरू होते.

आपल्या पोटात भाकरी-आमटीतील प्रथिने पचतात ती विकरांमुळे. प्रथिनाच्या साखळीतील दुवे ठिकठिकाणी तोडून तिचे लहान तुकडे करणाऱ्या विकरास प्रोटीएज म्हणतात. तुकडे लहान झाले की ते पाण्यात विरघळतात. १९१३ साली जर्मनीत ओटो र्‍योम यांनी प्राण्यांच्या स्वादुपिंडातील विकरे धुण्यासाठी वापरण्याचे पेटंट घेतले. पण साबण-सोड्याच्या अल्कधर्मी पाण्यात ती फार टिकत नसत. १९६० नंतरच्या दशकात बॅसिलस वंशातील जीवाणूंपासून मिळवलेले, अल्कधर्मी पाण्यातही टिकून राहणारे प्रोटीएज बाजारात आले आणि धुण्याच्या पावडरीत त्याचा उपयोग होऊ लागला. आज पाकिटावर घटक छापलेले असतात. त्यांत ‘एन्झाइम’ किंवा ‘प्रोटीएज’ असे लिहिलेले आहे ना, ते पाहून घ्यावे. धुण्याच्या साध्या वडीत बहुधा ते नसते.

आम्ही दोन लिटर पाण्यात तीन सपाट चमचे, म्हणजे अंदाजे १० ग्रॅम पावडर विरघळवली आणि डागाचा भाग त्यात रात्रभर बुडवून ठेवला. कापड वर तरंगून वाळू नये म्हणून त्यावर ताटली पालथी घातली. सकाळी डागाच्या उलट बाजूने पाण्याची धार सोडली व चोळले. त्यामुळे सुटलेला मळ ज्या वाटेने आला त्याच वाटेने बाहेर पडतो, कापडात आणखी खोल जात नाही. किनार बरीच फिकी झाली. दुसऱ्या रात्री नव्या पाण्यात पुन्हा भिजवल्यावर ती दिसेनाशी झाली.

इथे कोणी विचारील, ‘विकर गरम पाण्यात अधिक वेगाने काम करीत नाही का?’ करते. ४० अंशांच्या कोमट पाण्यात ते २५ अंशांच्या पाण्यापेक्षा जलद चालते. म्हणून गार पाण्याने सर्व रंग निघून गेल्यावर दुसऱ्या रात्री कोमट पाणी घेतले तरी चालेल. पण घाई नसेल, तर तापमानाची उणीव वेळ भरून काढतो. उकळते पाणी मात्र कधीच नको. विकर हेही एक प्रथिनच आहे. उकळत्या पाण्यात तेही उलगडते आणि निकामी होते. पावडर लवकर विरघळावी म्हणून तिच्यावर कढत पाणी ओतणारा माणूस नेमकी ज्यासाठी पैसे मोजले तीच गोष्ट मारून टाकतो. पावसाळ्यात उघडे राहून दमट झालेल्या पाकिटातही विकर हळूहळू मंदावते. क्लोरीनयुक्त ब्लीच एकत्र घातले तरी तेच होते.

दुसऱ्या, उकळलेल्या चादरीचे काय झाले? गार पाण्यात तीन तास ठेवूनही पाण्याला रंग आला नाही. डाग उष्णतेने बसला आहे की नुसता वाळला आहे, हे ओळखण्याची हीच सोपी खूण होय. तरीही आशा सोडण्याचे कारण नव्हते. उकडलेले अंडे पाण्यात विरघळत नाही, पण पोटात पचते. तसेच पाण्याला दाद न देणारा हा गठ्ठाही विकर कुरतडू शकते, फक्त वेळ अधिक लागतो. तीन रात्रींनंतर डाग पुष्कळ उतरला आणि गंजासारखी पिवळसर छटा उरली. ती लोहाची. ५ मिलिलिटर रक्तात सुमारे अडीच मिलिग्रॅम लोह असते, आणि प्रोटीएज लोहावर काहीच करू शकत नाही. लिंबाचा रस पंधरा मिनिटे लावून ठेवून चादर खळखळून धुतली. लिंबातील सायट्रिक आम्ल लोहाला धरून पाण्यात नेते. छटा आणखी कमी झाली, पण उजेडाकडे धरल्यावर पुसटशी खूण दिसतेच. उकळण्याची किंमत ती एवढी.

आणखी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. डाग पूर्ण गेला की नाही हे चादर ओली असतानाच, दिवसाच्या उजेडात पाहावे. तोवर कडक उन्हात वाळवू नये आणि इस्त्री तर मुळीच करू नये. कापूस म्हणजे सेल्युलोज, त्याला प्रोटीएजपासून धोका नाही. रेशीम व लोकर ही मात्र स्वतःच प्रथिने आहेत. त्यांवर ही पावडर वापरल्यास डागाबरोबर वस्त्रही झिजेल. रंगीत चादर असेल तर लिंबू आधी कोपऱ्यावर लावून पाहावे. दुसऱ्याच्या रक्ताचे कपडे हाताळताना रबरी हातमोजे घालावेत. पावडरीची धूळ नाकात जाऊ देऊ नये, कारण विकराच्या धुळीची काहींना ॲलर्जी होते.

करून पाहा : उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्या भागाचे एक सेंटिमीटर बाजूचे तीन सारखे ठोकळे कापा. तीन पेले घ्या. पहिल्यात साधे पाणी, दुसऱ्यात वरील प्रमाणातील पावडरीचे पाणी, तिसऱ्यात तेच पाणी दहा मिनिटे उकळून गार केलेले. प्रत्येकात एक ठोकळा टाका आणि तीन दिवस रोज कडा व कोपरे पाहून नोंद करा. तिसरा पेला कशासाठी ठेवला, याचे उत्तर आधी वहीत लिहा आणि मगच प्रयोग सुरू करा.

त्या शिक्षिकांनी वसतिगृहात आता न्हाणीघराबाहेर एक झाकणाची बादली ठेवली आहे. चादर खराब झाली की कोणालाही न विचारता ती गार पाण्यात टाकायची. डाग ओला असतानाच पाण्यात गेला तर बहुतेक वेळा विकराची गरजही पडत नाही. तो जुना होतो, तो दडवून ठेवल्यामुळे.