नव्याण्णवची बेरीज

अगं, सोसायटीचं खजिनदारपद घेतलंस, म्हणजे यंदाच्या वार्षिक सभेत अंदाजपत्रकाचा तक्ता तुझ्या हातून जाणार. रकमांचा रकाना तू नीट मांडशील याची मला खात्री आहे. मला बोलायचंय ते शेजारच्या, टक्क्यांच्या रकान्याबद्दल. सभेत एक तरी सभासद असा निघतोच, जो अहवाल हातात पडताच मोबाइल काढून टक्क्यांची बेरीज करतो. ती ९९ आली की तो उभा राहतो आणि विचारतो, उरलेला एक टक्का गेला कुठे? पंचवीस लाखांच्या अंदाजपत्रकात एक टक्का म्हणजे पंचवीस हजार रुपये. माणसाचा प्रश्न रास्त आहे. त्याला गप्प बसवू नये, त्याचं उत्तर तक्त्यातच असावं.

उदाहरण घेऊनच बोलू. समजा एकूण अंदाज २५,००,००० रुपयांचा आहे आणि खर्चाच्या बाबी सात आहेत.

| बाब | रक्कम (रु.) | खरी टक्केवारी | राउंड केलेली |
|---|---|---|---|
| सुरक्षारक्षक | ७,३६,००० | २९.४४ | २९ |
| साफसफाई | ४,३२,५०० | १७.३० | १७ |
| सामायिक वीज | ३,६५,००० | १४.६० | १५ |
| पाणीपट्टी व टँकर | ३,१७,५०० | १२.७० | १३ |
| लिफ्टची देखभाल | २,८४,००० | ११.३६ | ११ |
| किरकोळ दुरुस्ती | २,०७,५०० | ८.३० | ८ |
| कार्यालय, ऑडिट, विमा | १,५७,५०० | ६.३० | ६ |

शेवटचा रकाना बेरीज करून बघ, ९९ येतात. रुपये मात्र पैन् पै जुळलेत. मग एक टक्का गेला कुठे? वीज आणि पाणी या दोन ओळी वर ढकलल्या गेल्या, त्यांनी मिळून ०.७० जास्तीचे घेतले. बाकीच्या पाच ओळी खाली आल्या, त्यांनी मिळून १.७० सोडले. वजाबाकी बरोबर एक. प्रत्येक ओळ आपापल्यापुरती बरोबरच राउंड झाली आहे. फक्त सोडलेलं आणि घेतलेलं समसमान असावं असं बंधन कुठल्याच ओळीवर नव्हतं. उद्या याच बाबींचे अपूर्णांक बहुतेक अर्ध्याच्या वर पडले तर बेरीज १०१ होऊ शकते.

हे क्वचित होतं असं समजू नकोस. रकमा कशाही असू शकतात असं धरून गणित केलं, तर तीन बाबींच्या तक्त्यात बरोबर १०० येण्याची शक्यता पाऊण असते, चार बाबी असतील तर दोन तृतीयांश. सात बाबींवर ती जेमतेम निम्म्यावर येते. बाबी वाढतील तशी ती घटतच जाते. त्यामुळे वीस-पंचवीस बाबींच्या तक्त्यात बेरीज १०० आलीच, तर कुणीतरी ती हाताने जुळवली नाही ना, हे मी आधी बघतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ९९ दिसले की "राउंडिंगमुळे असेल" असं लगेच म्हणू नकोस. राउंडिंगच्या आड खरी चूक सहज लपते. समजा कीटकनाशक फवारणीचे २२,००० रुपये एका ओळीत आहेत आणि एक्सेलमध्ये ती ओळ कधीतरी लपवलेली राहिली. `SUM` लपवलेल्या ओळीही मोजतो. म्हणजे खालची एकूण रक्कम बरोबर राहते, पण छापलेल्या कागदावर ०.८८ टक्के गायब असतात. सभासदाला दिसतात तेच ९९, आणि खजिनदार बिनधास्त राउंडिंगचं कारण देऊन मोकळा होतो. म्हणून आधी छापलेल्या कागदावरूनच, स्क्रीनवरून नव्हे, रुपयांची बेरीज कॅल्क्युलेटरवर कर. ती जुळली की टक्के दोन दशांश स्थळांपर्यंत काढून त्यांची बेरीज घे. राउंड करताना एका ओळीत शेवटच्या स्थळाच्या अर्ध्याहून मोठा फरक पडूच शकत नाही. म्हणजे दोन दशांशांवर एका ओळीचा फरक फार तर ०.००५, सात ओळींचा फार तर ०.०३५. तेव्हा ही बेरीज ९९.९७ ते १००.०३ च्या आत असलीच पाहिजे. ९९.१२ आली तर ओळ कुठेतरी सुटली आहे, ती शोध. हाच हिशेब पूर्ण टक्क्यांनाही लागतो. पाच ओळींच्या तक्त्यात फरक अडीचपेक्षा जास्त होऊ शकत नाही, तेव्हा तिथे ९७ दिसले तर ते राउंडिंग नव्हे.

एक्सेलची आणखी एक गंमत लक्षात ठेव. तू सेलला नुसतं टक्क्याचं फॉरमॅट देऊन दशांश काढून टाकलेस, तर पडद्यावर २९% दिसतं पण आत ०.२९४४ तसाच बसलेला असतो. खाली `SUM` केलं की १००% दिसतं आणि तुला वाटतं सगळं जुळलं. कागद वाचणाऱ्याकडे मात्र फक्त २९, १७, १५ असतात, त्याची बेरीज ९९. सभेआधी आपल्याला तोच आकडा कळावा म्हणून बाजूच्या रकान्यात असं सूत्र लाव:

```
=ROUND(B2/B$9*100,0)
```

इथे रकमा `B2` ते `B8` मध्ये आणि एकूण `B9` मध्ये आहे. हा रकाना फक्त तपासणीसाठी ठेव, पुढच्या कुठल्याही हिशेबात तो वापरू नकोस. एक्सेलच्या सेटिंगमध्ये Set precision as displayed नावाचा पर्याय आहे. बेरीज दिसते तशी व्हावी म्हणून काही जण तो लावतात. तू लावू नकोस. त्याने आतले मूळ आकडेच कायमचे कापले जातात, परत मिळत नाहीत.

अनेक जण म्हणतात, मग एक दशांश दाखव, प्रश्न मिटेल. मिटत नाही. वर मी सांगितलेली शक्यता किती स्थळं दाखवलीस यावर अवलंबून नाही, बाबी किती यावर आहे. एक दशांश दाखवलास तर ९९ ऐवजी ९९.९ दिसेल, इतकंच. आपल्या तक्त्यात एक दशांशावर बरोबर १००.० येते, पण ते या आकड्यांचं नशीब. फरक लहान होतो म्हणून कुठे दशांश द्यायचा असेल तर जरूर दे, पण बेरीज जुळावी म्हणून देऊ नकोस. आणि सोसायटीच्या अंदाजात, जिथे टँकरचा खर्च पावसावर ठरतो, तिथे दोन दशांश छापणं मला पटत नाही. इतकी अचूकता त्या अंदाजात नसतेच.

मग छापायचं काय? माझं मत स्पष्ट आहे. ओळी आहेत तशा राहू दे, २९ ला २९ च लिही. एकूणच्या ओळीत १०० लिही, कारण ते वरच्या आकड्यांच्या बेरजेतून आलेलं नाही, ती एकूण रकमेचीच टक्केवारी आहे. आणि खाली तळटीप दे: "टक्के पूर्णांकात दिले आहेत, त्यामुळे त्यांची बेरीज १०० होईलच असे नाही." सभेत विचारणाऱ्याला याच टिपेवर बोट ठेवून उत्तर देता येतं.

गट केलेस तरी हाच नियम. सुरक्षारक्षक आणि साफसफाई मिळून "मनुष्यबळ" दाखवायचं असेल, तर २९ आणि १७ ची बेरीज ४६ लिहू नकोस. रुपयांवरून काढ, ४६.७४ येतात, म्हणून ४७ लिही. राउंड केलेल्या आकड्यावर पुन्हा हिशेब कधी करू नये.

काही वेळा समिती हट्टच धरते की बेरीज १०० दिसलीच पाहिजे. पाय चार्ट भिंतीवर लावायचा असतो, तळटिपेला जागा नसते. अशा वेळी जो उरलासुरला टक्का असतो तो बहुतेक जण मुकाट "इतर"मध्ये घालतात. हे मला अजिबात मान्य नाही. आपल्या तक्त्यात शेवटची, सगळ्यात लहान ओळ ६.३० ची ७ झाली, तर ती खऱ्यापेक्षा एक नवमांशाने फुगली. ऑडिटवर एवढा खर्च का, असं कुणी विचारलं तर तुझ्याकडे उत्तर नसेल.

त्यापेक्षा रीतसर वाटणी कर. आधी प्रत्येक टक्केवारीचा अपूर्णांक सरळ छाटून टाक: २९, १७, १४, १२, ११, ८, ६. बेरीज ९७, म्हणजे तीन टक्के वाटायचे राहिले. आता छाटलेला तुकडा ज्याचा सगळ्यात मोठा, त्याला एक दे, मग पुढच्याला. पाण्याचे ०.७०, विजेचे ०.६०, सुरक्षारक्षकांचे ०.४४. पाणी १३, वीज १५, सुरक्षा ३०. बेरीज १००. एकाही ओळीत पूर्ण एका टक्क्याचा फरक पडत नाही, आणि नियम आधीच ठरलेला असल्याने कुणाला झुकतं माप दिल्याचा आरोप उरत नाही. बेरीज १०१ येत असेल तेव्हाही हीच रीत चालते, कारण सुरुवात छाटण्यापासूनच होते. मात्र तळटीप तेव्हाही दे, कारण २९.४४ ला ३० लिहिलंय हे लपवायचं नाही.

या रीतीला मर्यादा आहे, तीही ऐकून ठेव. अमेरिकेत अलेक्झांडर हॅमिल्टनने १७९२ मध्ये राज्यांना लोकसंख्येप्रमाणे जागा वाटण्यासाठी हीच पद्धत सुचवली होती. १८८० च्या जनगणनेनंतर तिथल्या जनगणना कार्यालयातल्या सीटन नावाच्या मुख्य लिपिकाच्या लक्षात आलं की सभागृहात २९९ जागा धरल्या तर अलाबामाला ८ मिळतात, आणि ३०० धरल्या तर ७. जागा वाढली आणि वाटा घटला. आपल्याकडे तेच वर्षावर्षाच्या तुलनेत होऊ शकतं. समजा पुढच्या वर्षी सुरक्षारक्षकांचा खरा वाटा २९.४४ वरून २९.४८ झाला, पण तीन दुसऱ्या ओळींचे तुकडे त्याहून मोठे निघाले. तक्त्यात ३० चे २९ दिसतील आणि सभेत कुणीतरी म्हणेल, सुरक्षेला कात्री लावली. म्हणून दोन वर्षं शेजारी मांडायची असतील तेव्हा जुळवलेले टक्के वापरू नकोस, रुपये आणि एक दशांश दाखव.

आणि ज्या ठिकाणी टक्के दाखवायचे नसून पैसे खरोखर वाटायचे आहेत, तिथे तळटिपेने भागत नाही. १,००,००० चं बिल तीन विंगांत समान वाटलं तर ३३,३३३ प्रमाणे ९९,९९९ होतात, आणि कंत्राटदाराला तो एक रुपयाही द्यावाच लागतो. तो कुठल्या विंगच्या नावावर पडणार याचा क्रम समितीच्या बैठकीत एकदाच ठरव, पहिल्या बिलाला ए, पुढच्याला बी, मग सी, आणि तो इतिवृत्तात लिहून घे. बिलाच्या व्हाउचरवर त्या ठरावाची तारीख टाकत जा, म्हणजे ऑडिटरला दरवेळी वेगळं समजावून सांगावं लागत नाही.