दोनशे चिन्हांत

पुणे, रविवार

चि. सायलीस,


फोनवर बोलणार होतो, पण फोनवर मी ओरडतो आणि तू "हो मामा, हो मामा" करत ऐकेनाशी होतेस. म्हणून कागद.

परवा टेकडीवरून उतरताना आमच्या त्या पंपवाल्या मित्राने खिशातून मोबाइल काढला. निवृत्त झाल्यापासून तो सोसायट्यांच्या एसटीपीबद्दल लिंक्डइनवर लिहितो, हे तुला ठाऊक आहेच, मला नव्हतं. "ही बघ हल्लीची पोरं," म्हणाला. "रोज अशी आठ-दहा येतात." मी बघितलं तर वर तुझा फोटो. कॉलेजच्या निरोप समारंभातला, मामीच्या पैठणीतला. आणि खाली हे:

"नमस्कार सर, मी सायली, पर्यावरण अभियांत्रिकीची पदवीधर. आपला प्रेरणादायी प्रवास व जलशुद्धीकरण क्षेत्रातील प्रदीर्घ अनुभव पाहून प्रभावित झाले. आपल्यासारख्या तज्ज्ञांशी जोडले जाऊन माझे नेटवर्क वाढवण्याची व ज्ञान मिळवण्याची इच्छा आहे. काही संधी असल्यास कृपया कळवावे. आपल्या मार्गदर्शनाच्या प्रतीक्षेत."

तो हसला आणि मोबाइल खिशात टाकला. मीही हसलो. त्याबद्दल पुढे लिहितो.

अगं, हे लिहिलं कोणी? आमच्या घरात जिला "कमी बोल" म्हणून लहानपणापासून धपाटे पडले, ती मुलगी "प्रतीक्षेत" कधीपासून राहायला लागली? त्याला राग आला नाही, हेच मला जास्त लागलं. त्याने ते वाचलंच नाही. त्याची बोटं सवयीने पुढे सरकली.

ताई म्हणाली की फुकटच्या महिन्याचं प्रीमियम होतं तोवर तू अशा चाळीस चिठ्ठ्या धाडल्यास आणि दोघांनी होकार दिला. प्रीमियमवर तीनशे चिन्हं मिळतात. मी तुझा मजकूर मोजला, काना, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडायची खूण सगळं धरून २९६ भरला. म्हणजे जागा आहे तेवढी भरायची, हेच डोक्यात होतं. आता फुकटच्या खात्यावर दोनशेच मिळतील आणि अशा चिठ्ठ्याही महिन्याला मोजक्याच पाठवता येतील. बरंच झालं. आणि कोणी विनंती नाकारून वर I don't know this person दाबलं, आणि असे बरेच जण निघाले, तर खात्यावर बंधन येतं. ताईला ती भीती आहे. मला दुसरीच आहे: त्याने वाचलंच नाही.

तुझं एकेक वाक्य घेऊ. नाव आणि पदवी त्याला चिठ्ठीशेजारीच दिसते, ते वाक्य गेलं. "प्रेरणादायी प्रवास": कुठला प्रवास? त्याने पहिली सहा वर्षं भोसरीत पंपांची सीलं बदलली, हे तुला माहीत आहे का? नाही. तेही गेलं. "आपल्यासारख्या तज्ज्ञांशी" यातच तू कबूल केलंस की हीच चिठ्ठी आणखी एकोणचाळीस जणांना गेली आहे. "काही संधी असल्यास" याला तो काय उत्तर देणार? त्याच्याकडे नोकरी नाही, मग तो गप्प बसतो. उरलं काय? "नमस्कार सर".

तुझ्याकडे कारण नव्हतं असं थोडंच आहे! म्हणून तर राग येतो. त्याने लिहिलं होतं की विजेचं बिल वाचवायला सोसायट्या रात्री ब्लोअर बंद ठेवतात, टाकीतली हवा तुटते, जिवाणू गुदमरतात आणि पहाटे वास सुटतो. ते वाचूनच तू तुमच्या सोसायटीचा डीओ मोजायला निघालीस ना? पाण्यात विरघळलेला प्राणवायू लिटरमागे दोनेक मिलिग्रॅम तरी हवा, आणि सकाळी सहाला तुला ०.४ मिळाला. हे त्या तीनशे चिन्हांत कुठे आहे?

मी बसून लिहिलं. पहिल्या खेपेला "तुमची पोस्ट फार आवडली" असं आलं. कुठली पोस्ट, हे त्यात नव्हतं, तेव्हा खोडलं. दुसऱ्या खेपेला तुझं सगळं प्रोजेक्टच उतरलं. तिसऱ्या खेपेला हे:

"सर, ब्लोअर रात्री बंद ठेवण्याबद्दलची तुमची पोस्ट वाचली. आमच्या सोसायटीच्या एसटीपीत सकाळी ६ ला डीओ ०.४ मिळाला. ब्लोअर सुरू केल्यावर तो २ वर यायला साधारण किती वेळ धरावा?"

१६७ चिन्हं. तेहेतीस उरली, ती भरू नकोस. याचं उत्तर तो चहा पिता पिता एका ओळीत देईल, किंवा "टाकी केवढी आहे?" असं उलट विचारेल. तो असाच आहे, आकडा दिसला की त्याला राहवत नाही. मात्र हे जसंच्या तसं उतरवू नकोस. "धरावा" हा माझ्या पिढीचा शब्द आहे, तू "लागतो" म्हणशील. मोठ्याने वाचून बघ. जिन्यात भेटलेल्या माणसाला जे बोलणार नाहीस, ते लिहू नकोस.

तू म्हणशील, मामा, नोकरी हवी आहे हे माझं खरं कारण नाही का? आहे, आणि त्यात लाज नाही. पण ते त्याला आज विचारून काय उपयोग? आधी बोलणं होऊ दे. चार निरोपांनंतर सरळ विचार, आडून नको. आणि त्याने होकार देताच पाचव्या मिनिटाला बायोडेटा चिकटवलास तर ब्लोअर नुसतं निमित्त होतं हे त्याला कळेल. मग दुसरी चिठ्ठी तो वाचणार नाही.

पाठवलेली चिठ्ठी दुरुस्त करता येत नाही. विनंती मागे घ्यावी लागते आणि मागे घेतली की त्याच माणसाला तीन आठवडे पुन्हा पाठवता येत नाही. थांब तेवढं.

१९८६ साली मीही फुलस्केपची तीन पानं एका मोठ्या इंजिनिअरला पाठवली होती. सुवाच्य अक्षरात, "आपला कृपाभिलाषी" असं खाली. ते तेव्हा एका धरणाच्या गळतीवर काम करत होते आणि मला त्या गळतीबद्दलच एक शंका होती. ती शंका मी लिहिलीच नाही, बाळबोध वाटेल म्हणून. उत्तर आलं नाही. ती शंका बरोबर होती की चूक, हे मला अजून माहीत नाही. आणि तुझ्या आजोबांनी पानं पाहून "छान लिहिलंयस" म्हटलं होतं, म्हणून तुला कोणी छान म्हटलं की मला धास्ती वाटते.

आता ते टेकडीचं. तो हसला तेव्हा मी म्हणायला हवं होतं, "ही माझी भाची." नाही म्हणालो. लाज वाटली, तुझी नव्हे, पण वाटली. घरी येईपर्यंत चप्पल ओढत चाललो. मामीने विचारलं तर तिलाही काही बोललो नाही.

कारण मी तुमच्या टाकीपाशी होतो ना, पहाटे सहाला. टॉर्च माझ्या हातात होता. वॉचमनने झाकण उघडलं आणि मी दोन पावलं मागे सरलो, नाकाला रुमाल लावून. तू वाकून प्रोब पाण्यात हलवत राहिलीस, आकडा स्थिर होईपर्यंत. तीन दिवस सलग. एक दिवस पाऊस होता. ते त्याला सांगायचं होतं मला.

आता सांगणार नाही. तुझी चिठ्ठी तुझीच जाऊ दे, माझी ओळख मध्ये नको. त्याने उत्तर दिलं की टेकडीवर मी त्याला सांगेन, कोणाची पोर ते.

पुढच्या रविवारी ये. मामी भरली वांगी करते आहे, आणि मीटर घेऊन ये, आमच्याही टाकीला हल्ली वास येतो. या खेपेस मी मागे सरणार नाही, बहुतेक.

तुझा,
मामा