हेमंत-शिशिरातील प्रातःभ्रमण आणि वृद्धांचा रक्तदाब

पारोळ्यास डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा दहा अंशांच्या खाली उतरणे नवीन नाही. अशा दिवसांतही पहाटे साडेपाच वाजता माकडटोपी चढवून फिरावयास निघणारी वृद्ध मंडळी बोरी नदीच्या बाजूस व महामार्गालगत नित्य दिसतात. त्यांतील अनेक जण आपल्याच चिकित्सालयात नियमित येतात व दुपारच्या तपासणीत त्यांचा दाब ठीक आढळतो. नेमक्या याच रुग्णांविषयी प्रस्तुत लेखात आम्ही विचार करणार आहोत.

त्वचेस, विशेषतः चेहऱ्यास गार वारा लागला की शरीर उष्णता राखण्यासाठी त्वचेतील सूक्ष्म रक्तवाहिन्या आकसून घेते. मार्ग अरुंद झाल्याने दाब वाढतो. झोपेतून उठल्यावर दाबाची स्वाभाविक चढती वेळ असतेच. त्यात चालण्याच्या श्रमाने नाडीची गती वाढते. हे तिन्ही भार एकाच घटकेस हृदयावर पडतात. वृद्धांच्या कठीण झालेल्या धमन्या हा ताण पुरेसा झेलू शकत नाहीत. केवळ नाडीवर विसंबणेही योग्य नाही. एटेनोलॉलसारखे औषध चालू असलेल्या रुग्णाची नाडी चालताना फारशी वाढत नाही, तरी दाब चढलेला असू शकतो.

आमच्या मते येथे आपल्या शास्त्रातील एक सूत्र नव्याने पाहण्यासारखे आहे. शीतकाली व्यायाम अर्धशक्तीने करावा असे वाग्भटाने सांगितले, पण तेही बलवान व स्निग्धभोजी माणसाला. वृद्धास तर व्यायाम वर्ज्यच मानला आहे. मंद चालणे वृद्धास हितकर आहे हे आज आपण जाणतो, म्हणून निषेध शब्दशः घेण्याचे कारण नाही. मात्र कपाळ, नाक व काखेत घाम येणे ही अर्धशक्तीची खूण पहाटेच्या थंडीत उशिरा येते किंवा येतच नाही. घाम आला नाही म्हणून म्हातारा माणूस आणखी एक फेरी मारतो. या ऋतूत खूण घामाची नव्हे, बोलण्याची घ्यावी: सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलताना मध्येच श्वास घ्यावा लागला, तर गती कमी करावी.

एक उदाहरण घेऊ. वय ६८, सेवानिवृत्त गृहस्थ. लोसार्टन ५० मि.ग्रॅ. दररोज सकाळी आठ वाजता, फिरून आल्यावर चहासोबत घेतात. अकरा वाजता चिकित्सालयात दाब १३४/८०. घरी फिरून आल्यावर पाच मिनिटे बसून मोजला तरी १३८/८२. कारण श्रम थांबताच वाढलेला दाब लवकर उतरतो. मग त्यांना पहाटे उठल्यावर, लघवी करून, पाच मिनिटे टेकून बसून, स्वेटरची बाही काढून एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजण्यास सांगितले. सलग चार दिवस १६२/९४ च्या आसपास आकडे आले. म्हणजे आदल्या सकाळी घेतलेल्या गोळीचा प्रभाव उतरलेला असताना ते गारठ्यात निघत होते. (घरगुती यंत्र अंगणात नेऊन मोजू नये, बहुतेक यंत्रे १० अंशांखाली भरवशाची नसतात.)

येथे मात्रा वाढविणे हा पहिला उपाय नव्हे. गोळीची वेळ बदलावी काय, हे ती लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारावे. रुग्णाने स्वतः दुप्पट गोळी घेऊ नये. फिरण्याची वेळ मात्र आपण लगेच बदलू शकतो. सूर्योदय या दिवसांत सात-सव्वासातच्या सुमारास होतो आणि सर्वांत कमी तापमान त्याच वेळेच्या आगेमागे असते. म्हणून सहाऐवजी सातला जाणे व्यर्थ. साडेआठनंतर ऊन अंगावर घेत चालणे इष्ट. निघण्यापूर्वी घरातच दहा मिनिटे हातपाय हलवावेत, नाकातोंडावर मफलर घ्यावा, पहिली दहा मिनिटे सावकाश चालावे. परतल्यावर लगेच कढत पाण्याने स्नान केल्यास पसरलेल्या वाहिन्यांमुळे दाब एकदम उतरून भोवळ येते. थोडे थांबून कोमट पाणी वापरावे. पहाटेचा दाब १८०/११० किंवा अधिक असेल त्या दिवशी फिरणे बंद ठेवून वैद्यकीय सल्ला घ्यावा.

औषधालय चालविणाऱ्या बंधूंनी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. थंडीत खोकल्यासाठी ज्येष्ठमध असलेली औषधे आठवडेच्या आठवडे नेली जातात. अधिक मात्रेत, दीर्घकाळ घेतलेले ज्येष्ठमध शरीरात पाणी व मीठ धरून ठेवते, पोटॅशियम कमी करते व दाब वाढवते. सोमकल्पयुक्त श्वासाची औषधे आणि चोंदलेले नाक मोकळे करणाऱ्या काही गोळ्या नाडी व दाब दोन्ही वाढवितात. लवणभास्कर चूर्णातील मिठाचाही हिशेब धरावा. दाबाचा रुग्ण आहे काय, हा प्रश्न विक्रीपूर्वी विचारावा.

चालताना छातीच्या मध्यभागी आवळल्यासारखे वाटणे, जबडा वा डाव्या हातात ओढ लागणे व थांबताच बरे वाटणे, हे 'वायू धरला' म्हणून हिंगाष्टक देऊन घरी पाठविण्याचे लक्षण नव्हे. त्याच दिवशी हृदयालेख काढण्यास पाठवावे. वेदना थांबूनही टिकली, घाम फुटला, तोंड वाकडे झाले किंवा बोलणे अडखळले, तर १०८ वर संपर्क करून रुग्णास तत्काळ रुग्णालयात हलवावे.